सेन्सरची स्क्रिप्ट आणि रांजण : वसमतच्या डेमोचं प्रकरण

मी नांदेडला राहते, छोट्या कंपन्यांसाठी डेमोच्या आणि माहितीच्या व्हिडिओच्या स्क्रिप्ट लिहिते. मागच्या हंगामात संभाजीनगरच्या एका कंपनीचं काम आलं होतं, नाव सांगत नाही. त्यांचं प्रॉडक्ट म्हणजे जमिनीतली ओल मोजून ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप उघडझाक करणारा सेट. डेमो होता वसमत तालुक्यातल्या एका गावात, हळदीच्या पट्ट्यात, सात मिनिटांचं बोलणं आणि मग शेतात प्रत्यक्ष दाखवायचं. ऐकायला कोण, तर हळदवाले शेतकरी, बचत गटाच्या बाया, कृषी सेवा केंद्राचा मालक, बँकेचे शेती कर्ज बघणारे साहेब, आणि नांदेडच्या इंजिनिअरिंगची चार-पाच पोरं. म्हणजे एकाच मांडवात ज्याला सगळं कळतं तोही आणि ज्याला कशाला हवं हे मशीन असं वाटतं तोही.

कंपनीच्या इंजिनिअरनं पाठवलेल्या स्क्रिप्टचं पहिलं वाक्य जसंच्या तसं देते: "आमचा कपॅसिटन्स बेस्ड सॉइल मॉइश्चर सेन्सर रिअल टाइममध्ये व्हॉल्युमेट्रिक वॉटर कंटेंट मेजर करतो, लो पॉवर वाइड एरिया नेटवर्कवरून गेटवेला डेटा ट्रान्समिट करतो आणि थ्रेशोल्ड ब्रीच झाला की सोलेनॉइड व्हॉल्व्ह ॲक्च्युएट होतो." चूक काहीच नाही यात, सगळं खरं आहे, फक्त मांडवात बसलेल्या दहातल्या आठ जणांसाठी हे वाक्य म्हणजे एसटी स्टँडवरची अनाऊन्समेंट, आवाज येतो पण गाडी कोणती ते कळत नाही.

मी म्हणलं हे असं चालणार नाही, तर दोन दिवसांनी त्यांनी "मराठी केलेली" स्क्रिप्ट पाठवली. धारिता-आधारित मृदा आर्द्रता संवेदक, आकारमानीय जलांश, सीमामूल्य, आणि व्हॉल्व्हला झडप. आता बघा, गावात व्हॉल्व्हला व्हॉल्व्हच म्हणतात, स्टार्टर, फेज, फिल्टर, व्हेंचुरी, लॅटरल हे सगळे शब्द आठवी शिकलेला माणूस रोज वापरतो, ते इंग्रजीतून आलेत म्हणून काढायचे म्हणजे चांगली लागलेली घडी विस्कटायची. झडप म्हणलं की लोकांना बिबट्या आठवतो. शब्द कुठून आला याच्याशी मला घेणं नाही, तो ऐकणाऱ्याच्या तोंडात आहे का नाही एवढंच बघायचं. त्या हिशोबानं मी पहिल्या स्क्रिप्टमधले सगळे तांत्रिक शब्द कागदावर उतरवले आणि गावातल्या पाच जणांना एकेकट्याला गाठून विचारलं, हा शब्द तुम्ही कधी बोललात का. ऐकलाय का असं नाही विचारलं, बोललात का असं विचारलं, कारण ऐकलाय म्हणायला कुणाचं काही जात नाही, मान डोलावून मोकळे होतात. सेन्सर, डेटा, बॅटरी, रेंज, सिग्नल हे शब्द टिकले. व्हॉल्युमेट्रिक, थ्रेशोल्ड, गेटवे, कॅलिब्रेशन हे सगळ्यांकडं पडले, बँकेच्या साहेबांकडंसुद्धा, फक्त साहेबांनी ते कबूल करायला जरा वेळ घेतला.

टक्क्याचा घोळ

पहिली अडचण शब्दाची निघालीच नाही, आकड्याची निघाली. सेन्सर जमिनीतली ओल टक्क्यात दाखवतो, आणि तो टक्का आकारमानाचा आहे, म्हणजे शंभर घागरी मातीत किती घागरी पाणी. काळ्या भारी जमिनीत वाफशाला हा आकडा साधारण ४० च्या आसपास येतो, आणि २२-२४ च्या खाली गेला की पाणी जमिनीत असतं पण पिकाला ओढता येत नाही. मुरमाड हलक्या जमिनीत मात्र १५-२० लाच जमीन भरलेली असते. म्हणजे २३ आकडा मुरमाडात ओलाचिंब आणि काळ्यात पीक माना टाकतंय, आकडा तोच.

मी हळदवाल्या मामांना कागदावर "३८ टक्के" दाखवलं तर ते म्हणाले, "अडोतीस? मंग चिखलच की तो!" त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांना ओलीचा टक्का माहितीय तो सोयाबीनचा, खरेदी केंद्रावर १२ च्या वर गेलं की माल परत. तो टक्का वजनाचा, हा आकारमानाचा, आणि हा फरक सात मिनिटांच्या बोलण्यात समजावून सांगायचा म्हणजे तीन मिनिटं तिथंच गेली. मी स्क्रिप्टमधून टक्का काढूनच टाकला. इंजिनिअर बिचारा कळवळला, मॅडम तोच तर आमचा आऊटपुट आहे म्हणाला.

टक्क्याच्या जागी रांजण आणला. आधी माझ्या डोक्यात स्पंज होता, नेटवर सगळीकडं स्पंजच असतो, पण बचत गटाच्या मावशींना विचारलं तर त्यांच्या घरात भांडी तारेच्या घासणीनं घासतात, स्पंज त्यांनी टीव्हीत बघितलेला. रांजण मात्र फ्रिज असलेल्या घरातही उन्हाळ्यात निघतोच. आणि रांजणात मला एकाच भांड्यात चार गोष्टी बसवता आल्या. रांजण गळ्यापर्यंत भरला म्हणजे वाफसा. त्यावर ओतलं तर सांडून जातं, शेतात ते मुळांच्या खाली निघून जातं आणि जाताना खतही घेऊन जातं. तळाला थोडं पाणी राहतं पण वाटी बुडत नाही, तिथं पीक माना टाकतं, पाठ्यपुस्तकवाले त्याला मरणोक्त बिंदू म्हणतात, नावातच धडकी आहे. आणि चौथी गोष्ट, आपण एक तांब्या पाणी काढलं की लगेच जाऊन एक तांब्या ओतत नाही, निम्म्यावर आला की मग एकदाच भरतो.

ही चौथी गोष्ट महत्त्वाची, कारण मूळ स्क्रिप्टमध्ये हिस्टेरेसिस नावाचा एक अख्खा परिच्छेद होता. मशीन व्हॉल्व्ह ३२ ला उघडतं आणि ४० ला बंद करतं, मधे आठची फट मुद्दाम ठेवलेली. ती फट नसली तर आकडा ३२ च्या जरा खाली गेला की चालू, जरा वर आला की बंद, दिवसभर टकटक टकटक, आणि मोटार सारखी चालू-बंद झाली की तिचं काय होतं ते रिवाइंडिंगचं बिल भरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. रांजणवालं एक वाक्य बोललं आणि परिच्छेद गेला. मावशी तर म्हणाल्या, "येवढ्यासाठी मशीन कामून लागतंय, आमी रोज तेच करतो." बरोबर आहे. फरक इतकाच की रांजणात डोकावता येतं, जमिनीत येत नाही, आणि हेच मी पुढचं वाक्य म्हणून घेतलं.

रांजण उलटला

पाचही जणांना मी एकच काम दिलं होतं, स्क्रिप्ट ऐकून झाली की घरी जाऊन कुणाला तरी सांगा, आणि ज्यांना सांगितलं त्यांच्याकडून मी ऐकणार. म्हणजे मामांना नाही विचारायचं, मामांच्या मुलाला विचारायचं. समजलं का असं विचारलं की लोक हो म्हणतात, मराठवाड्यात तर पाहुण्याला नाही म्हणायची पद्धतच नाही. पण तिसऱ्या माणसापर्यंत काय पोचलं ते लपत नाही.

तर मामांचा मुलगा मला काय म्हणाला, की ताई, ते मशीन रांजण कायम भरलेला ठेवतंय म्हणे, चांगलंय मग, हळद जोरात येईल. मी हादरलेच. हळदीला पाणी जास्त झालं, निचरा नसला की कंद सडतो, कंदकूज म्हणतात, त्या भागात ती कुणाला सांगायची गरज नाही. आणि माझी स्क्रिप्ट ऐकून पोरगं निघालं होतं जमीन काठोकाठ भरायला. चूक माझ्या उदाहरणात होती. घरचा रांजण जितका भरलेला तितका चांगला, काठोकाठ भरला म्हणून कुणाचं नुकसान होत नाही. जमिनीत होतं, कारण मुळांना पाण्यासोबत हवाही लागते. उदाहरण घेतलं की त्याच्यासोबत त्याचं सगळं बिऱ्हाड येतं, आपल्याला हवं तेवढंच येत नाही.

रांजण टाकून द्यावा असं एकदा वाटलं. मग मामांनीच वाट काढली, म्हणजे त्यांना माहीत नाही त्यांनी काढली ते. मी विचारलं, मामा, पेरायला जमीन तयार झाली हे कसं कळतं तुम्हाला. ते म्हणाले, मूठभर माती घ्यायची, दाबायची, गोळा झाला पाहिजे पण हाताला चिखल लागला नाही पाहिजे, आणि बोटानं टिचकी मारली की फुटला पाहिजे. हाच वाफसा, ओल पण आहे, हवा पण आहे. इंजिनिअरच्या कागदावर ज्याला फील्ड कपॅसिटी म्हणलंय त्याच्या अगदी जवळची अवस्था, आणि तिला गावात शब्द आहे, चाचणी आहे, आणि तीसुद्धा फुकट. मग स्क्रिप्टमध्ये क्रम बदलला. आधी वाफसा, मूठ, गोळा. मग रांजण, पण असा: "जमिनीचा रांजण काठापर्यंत नाही भरायचा, गळ्यापर्यंतच, वरची चार बोटं मुळांना श्वास घ्यायला मोकळी. मशीन गळ्याला थांबतं." दुसऱ्यांदा ऐकवलं तेव्हा घरच्यांकडून "गळ्याला थांबतं" हे शब्द जसेच्या तसे परत आले.

हवेचं मशीन

आता कपॅसिटन्स. सेन्सर मातीत खुपसतात आणि तो पाणी न बघता पाणी कसं ओळखतो. पहिल्या खर्ड्यात मी कलिंगड घातलं होतं, वाजवून घेतो तसं. लोक हसले, छान वाटलं मला, पण कृषी केंद्रवाले म्हणाले, "म्हंजी अंदाजच की ताई, कलिंगड तर धा वेळा पांढरं निघतंय." गेलं कलिंगड.

मग सुचलं की आडतीवर सोयाबीन मोजायचं मशीन तर याच जातीचं आहे. दाणे भांड्यात टाकतात, बटण दाबतात, आकडा येतो, त्यातली बरीचशी मशीनं विजेला पाणी कसं वेगळं वागतं यावरच चालतात. हे वेगळं वागणं मोजायचा एक आकडा असतो, डायलेक्ट्रिक स्थिरांक म्हणतात त्याला, तो पाण्याचा ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा ३ ते ५, हवेचा १. एवढं मोठं अंतर असल्यामुळं मातीत थोडं पाणी वाढलं तरी मशीनला कळतं. म्हणजे हे उदाहरण नुसतं सारखं दिसणारं नव्हतं, आतून तेच होतं, आणि असं उदाहरण क्वचित मिळतं.

मिळालं, पण दोन खिळे घेऊन आलं. पहिला खिळा भाषेचा. आपल्याकडं आडतीवर ओलीला "हवा" म्हणतात, हवा किती लागली, चौदा लागली, मग भाव तोडला. आणि माझ्या स्क्रिप्टमध्ये मिनिटभर आधीच "मुळांना हवा लागते" येऊन गेलेलं. एका वाक्यात हवा म्हणजे पाणी, दुसऱ्या वाक्यात हवा म्हणजे वारा. कागदावर वाचताना मला आठ दिवस हे दिसलं नव्हतं, मोठ्यानं वाचलं तेव्हा मावशींनी पकडलं. त्यानंतर नियम केला, पाण्याला ओल, फक्त ओल, आणि "श्वास" मुळांचा. हवा शब्द स्क्रिप्टमध्ये एकदाच, मशीनच्या नावात.

दुसरा खिळा मनातला. हवेचं मशीन म्हणलं की मांडवातला अर्धा माणूस चिडतो, कारण ते मशीन त्याच्या हातात नसतं, आकडा दुसरा कुणीतरी वाचतो आणि पैसे याचे जातात. मामा सरळ म्हणाले, "त्या मशीनीवर इस्वास हाय कुणाचा?" मी हे वाक्य लपवलं नाही, स्क्रिप्टमध्येच घेतलं. बोलणारा म्हणतो, "आडतीवरचं हवेचं मशीन आठवतंय ना, त्याचाच भाऊ आहे हा, फरक एवढाच की हा तुमच्या घरचा, आणि खोटं बोलला तर पकडायची तुमची मूठ आहे." मग शेतात एकाला पुढं बोलवायचं, मूठभर माती, गोळा, आणि त्याच जागेचं मशीन काय सांगतंय ते बघायचं.

खोटं तो बोलतोच कधी कधी, हे सांगणं भाग होतं. काळी जमीन वाळली की आक्रसते, भेगा पडतात, आणि सेन्सरच्या दांड्याजवळून माती सुटली की मधे पोकळी राहते. त्या पोकळीचा आकडा १, त्यामुळं मशीनला वाटतं माती कोरडी ठाक आणि ते नको असताना पाणी सोडतं. इंजिनिअरच्या स्क्रिप्टमध्ये याला "सॉइल-प्रोब कॉन्टॅक्ट लॉस" असं तीन शब्दांत शेवटी उरकलं होतं. मी म्हणलं काळ्या रानात हे शेवटी नाही, मधोमध पाहिजे. वाक्य झालं: "दांडा भेगेत आला तर तो मातीची नाही, भेगेची ओल सांगतो." ओळखायचं कसं, तर या सेटला दोन दांडे असतात, एक अर्ध्या फुटावर, एक फुटावर. जमीन वाळते ती हळूहळू. वरचा दांडा एका रात्रीत दाणकन खाली आला आणि खालचा होता तिथंच आहे, तर आधी भेग बघा, मग पाणी. बसवतानाच चाळलेल्या मातीचा पातळ चिखल करून दांड्याभोवती भरला तर हे कमी होतं, पण काळ्या जमिनीत पूर्ण जात नाही, तेही सांगितलं.

हाळी

नेटवर्कचं लवकर उरकलं, कारण उदाहरण पहिल्याच फटक्यात बसलं. शेतातला डबा घरच्या डब्याला जे पाठवतो ते ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात, फार कमी वेगानं आणि फार थोडं, म्हणूनच लांब पोचतं आणि बॅटरी पुरते. मी लिहिलं, लांबच्या रानातल्या माणसाला आपण हाळी देतो तेव्हा भरभर बोलत नाही, एकच शब्द ताणून ताणून, "येऽऽऽ गाऽऽऽ". डबापण तसाच, अर्ध्या तासाला एक हाळी. एका इंजिनिअरिंगच्या पोरानं तालमीत विचारलं यावर कॅमेरा चालेल का, आणि मी तोंड उघडायच्या आत मावशीच म्हणाल्या, "हाळीवर काय कीर्तन सांगतोस का बाबा." तो प्रश्न तिथंच मिटला. ऊस उंच झाला की रेंज कमी होते हेही लोकांनी आपणहून काढलं, उसात हाळी दबते, म्हणून अँटेना पिकाच्या वर पाहिजे. "रिअल टाइम" मात्र मी काढूनच टाकलं, अर्ध्या तासाला एकदा बोलणाऱ्याला रिअल टाइम म्हणणं म्हणजे शुद्ध थाप.

साहेब आणि पोरं

डेमोच्या आदल्या दिवशी कंपनीत वाद झाला. त्यांचं म्हणणं, बँकेचे साहेब बसलेत, इंजिनिअरिंगची पोरं आहेत, रांजण-हाळी ऐकून त्यांना वाटेल हे खेळणं आहे. भीती अगदीच खोटी नव्हती. मी तोडगा असा काढला की शब्द फेकून द्यायचे नाहीत, मागं ढकलायचे. आधी उदाहरण, ते पोटात उतरलं की एका दमात नाव: "गळा आणि निम्मा यातली ही जी जागा सोडलीय तिला इंजिनिअर लोक हिस्टेरेसिस म्हणतात", आणि लगेच परत रांजणावर. असे चार शब्द, प्रत्येक एकदाच. क्रम उलटा केला, म्हणजे नाव आधी आणि उदाहरण नंतर, तर नाव ऐकताक्षणी लोक खाली मोबाईलकडं बघतात, तालमीत बघितलं होतं मी.

साहेबांनी डेमोनंतर एकच विचारलं, सेन्सर बिघडला तर व्हॉल्व्ह उघडा राहतो का बंद. उत्तर बंद, आणि ते आमच्या स्क्रिप्टमध्ये नव्हतं! कर्ज देणाऱ्याला जे लागतं ते मी कुणाच्याच उदाहरणात घातलं नव्हतं, रांजणाच्या नादात राहून गेलं. पुढच्या गावाला ते घातलं.

पण खरा घोटाळा संध्याकाळी कळला. मामांनी घरी जाऊन मुलाच्या मोबाईलवर ॲप उघडलं, आणि स्क्रीनवर काय, तर `VWC 31%`, म्हणजे तोच आकारमानाचा टक्का. रांजण नाही, गळा नाही, काही नाही. सात मिनिटं आम्ही जी भाषा लावली ती ॲपच्या दारातच संपली. मामांचा फोन आला, "ताई, एकतीस लागली, हवा जास्ती झाली का वो?" बारा टक्केवाला सोयाबीन परत डोक्यात शिरला होता. खरं तर त्यांच्या काळ्या रानात एकतीस म्हणजे रांजण निम्म्यावर, पाणी सुरू व्हायची वेळ.

कंपनी म्हणाली ॲप बदलायला वेळ लागेल, पुढच्या अपडेटमध्ये बघू. तोवर मी एक स्टिकर करून दिलं, घरच्या डब्यावर चिकटवायचं. त्यावर रांजणाचं चित्र, गळ्याला एक रेघ, निम्म्याला एक रेघ, तळाला एक रेघ, आणि रेघांसमोर आकड्यांसाठी रिकामी जागा. बसवायला येणारा पोरगा त्या रानातली माती बघून, मुठीचा गोळा करून, तिथले आकडे स्केच पेननं लिहितो. मामांच्या डब्यावर ४०, ३२, २३ लिहिलंय. त्यांच्या भावाचं रान ओढ्याच्या पलीकडं मुरमाड आहे, त्याच्यावर तिन्ही आकडे वेगळे, आणि दोघं भाऊ आता एकमेकांना आकडा सांगत नाहीत, रेघ सांगतात.